दहा आकडे, एक ट्री आणि दोन कसोट्या

प्रश्न असा असतो: ‘४६, २१, ७३, ३५, १२, ६०, २९, ८८, ६४, ३१ हे आकडे याच क्रमाने रिकाम्या बायनरी सर्च ट्रीमध्ये घाला. तयार होणारा ट्री काढा आणि त्याची प्रीऑर्डर, इनऑर्डर व पोस्टऑर्डर ट्रॅव्हर्सल लिहा.’

आकडे दरवर्षी बदलतात, प्रश्न तोच राहतो. इंजिनीअरिंगला कॉम्प्युटर शाखेत गेलेल्या मुलामुलींच्या वाट्याला तो डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात येतो. हे हक्काचे मार्क आहेत असं समजून बहुतेक जण तो आधी सोडवतात, आणि तरीही त्यात मार्क जातात. याचं कारण अज्ञान क्वचितच असतं. विद्यार्थी ट्री काढतो, इनऑर्डर लिहितो, आकडे चढत्या क्रमाने आलेले पाहतो, निश्चिंत होतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. त्या निश्चिंतपणाला मात्र अर्धाच आधार असतो, कारण ट्री चुकला असला तरी इनऑर्डर चढत्या क्रमाने येऊ शकते. प्रश्नातले ‘याच क्रमाने’ हे दोन शब्द तिथे तपासलेच जात नाहीत. उत्तर बरोबर आहे की नाही, हे पेपर देण्याआधी खात्रीने ठरवता येतं. त्यासाठी एक नाही, दोन कसोट्या लागतात. त्यांच्याकडे आपण येऊच. आधी प्रश्न सोडवू.

बायनरी सर्च ट्रीमध्ये प्रत्येक आकडा एका नोडमध्ये बसतो आणि प्रत्येक नोडच्या खाली जास्तीत जास्त दोन जागा असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. कोणताही नोड घ्या. त्याच्या डाव्या बाजूला जेवढं काही लटकलेलं असेल ते सगळं त्याच्यापेक्षा लहान असतं आणि उजव्या बाजूचं सगळं मोठं. इथे ‘सगळं’ या शब्दावर भर आहे. नियम फक्त लगेच खालच्या नोडपुरता नाही, त्या फांदीच्या शेवटच्या टोकापर्यंत लागू आहे. सर्वात वरच्या नोडला रूट म्हणतात आणि ज्याच्या खाली काहीच नाही त्याला लीफ.

नवा आकडा घालण्याची रीत एकच आहे. दर वेळी सुरुवात रूटपासून करायची. आकडा समोरच्या नोडपेक्षा लहान असेल तर डावीकडे जायचं, मोठा असेल तर उजवीकडे. तिथे आधीच कोणी असेल तर पुन्हा तीच तुलना करायची. जिथे जागा रिकामी मिळेल तिथे आकडा बसवायचा. म्हणजे नवा आकडा नेहमी एखाद्या फांदीच्या टोकाला येतो. दोन नोडच्या मध्ये तो कधीच घुसत नाही आणि आधी बसलेला एकही आकडा जागचा हलत नाही. तोच आकडा यादीत दुसऱ्यांदा आला तर काय करायचं, याबद्दल पुस्तकापुस्तकांत फरक आहे. काही जण तो सोडून देतात, काही उजवीकडे घालतात. प्रश्नात तसं घडलं तर आपण कोणता नियम धरला ते उत्तरात एका ओळीत लिहावं. आपल्या यादीत सगळे आकडे वेगळे आहेत.

पहिला ४६ रूट झाला. २१ त्याच्यापेक्षा लहान, डावीकडे गेला. ७३ मोठा, उजवीकडे गेला. इथपर्यंत कोणी चुकत नाही.

३५ पासून लक्ष द्यावं लागतं. ४६ पेक्षा लहान म्हणून डावीकडे आलो, तिथे २१ बसलेला आहे. ३५ त्याच्यापेक्षा मोठा, म्हणून २१ च्या उजवीकडे. मग १२ आला: ४६ पेक्षा लहान, २१ पेक्षाही लहान, म्हणून २१ च्या डावीकडे. ६० आला: ४६ पेक्षा मोठा, ७३ पेक्षा लहान, म्हणून ७३ च्या डावीकडे.

२९ चा प्रवास थोडा लांबतो. ४६ पाशी डावीकडे, २१ पाशी उजवीकडे, ३५ पाशी पुन्हा डावीकडे, आणि तिथली जागा रिकामी आहे. ८८ सोपा आहे: ४६ पेक्षा मोठा, ७३ पेक्षा मोठा, ७३ च्या उजवीकडे. ६४ साठी ४६ पाशी उजवीकडे, ७३ पाशी डावीकडे, मग ६० पेक्षा मोठा म्हणून ६० च्या उजवीकडे. उरला ३१. त्याला चार तुलना कराव्या लागतात: ४६ पेक्षा लहान, २१ पेक्षा मोठा, ३५ पेक्षा लहान, २९ पेक्षा मोठा. तो २९ च्या उजवीकडे बसतो.

```
              ४६
           /      \
        २१          ७३
       /  \        /  \
     १२    ३५    ६०    ८८
          /        \
        २९          ६४
          \
           ३१
```

आकृती काढताना एक गोष्ट हमखास राहते. ज्या नोडखाली एकच फांदी आहे, ती फांदी सरळ खाली काढली जाते. ६० खाली ६४ असा उभ्या रेषेत काढला तर तो डावीकडचा की उजवीकडचा हे तपासणाऱ्याला कळत नाही, आणि थोड्या वेळाने काढणाऱ्यालाही कळत नाही. बायनरी ट्रीमध्ये ‘फक्त डावीकडे’ आणि ‘फक्त उजवीकडे’ हे दोन वेगवेगळे आकार आहेत. फांदी तिरपी काढायची, एकच असली तरी.

आता ट्रॅव्हर्सल. ट्रॅव्हर्सल म्हणजे ट्रीमधल्या प्रत्येक नोडला ठरलेल्या क्रमाने एकदा नोंदवणं. तिन्ही प्रकारांत डावी फांदी उजव्या फांदीच्या आधीच येते, हे पहिल्यांदा लक्षात घ्यावं. फरक फक्त नोड स्वतः कधी लिहायचा एवढाच आहे. प्रीऑर्डरमध्ये नोड आधी, मग डावी फांदी, मग उजवी. इनऑर्डरमध्ये डावी फांदी, मग नोड, मग उजवी. पोस्टऑर्डरमध्ये डावी, उजवी आणि सर्वात शेवटी नोड. प्रत्येक फांदीच्या आतही पुन्हा तोच नियम चालतो.

तिन्हींसाठी चालण्याची वाट एकच असते. रूटच्या डाव्या अंगाने खाली उतरायचं, प्रत्येक फांदीच्या कडेकडेने टोकाला वळसा घालायचा आणि शेवटी उजव्या अंगाने रूटपाशी वर यायचं. ही झाडाला घातलेली प्रदक्षिणाच आहे, फक्त उलट दिशेने, म्हणजे झाड सतत आपल्या डाव्या हाताला राहतं. या फेरीत प्रत्येक नोड तीन वेळा लागतो: एकदा त्याच्या डाव्या बाजूने जाताना, एकदा त्याच्या खालून आणि एकदा उजव्या बाजूने. डाव्या बाजूने जाताना आकडा लिहिला तर प्रीऑर्डर मिळते, खालून जाताना लिहिला तर इनऑर्डर आणि उजव्या बाजूने जाताना लिहिला तर पोस्टऑर्डर. लीफच्या बाबतीत या तिन्ही वेळा लागोपाठ येतात. म्हणूनच तिन्ही ओळींत लीफचा आपसातला क्रम बदलत नाही. आपल्या ट्रीत १२, ३१, ६४, ८८ हे चार लीफ आहेत आणि तिन्ही उत्तरांत ते याच क्रमाने आले पाहिजेत.

प्रोग्राममध्येही हे असंच दिसतं. पायथनमध्ये इनऑर्डर अशी लिहिली जाते:

```python
def walk(node):
    if node is None:
        return
    walk(node.left)
    print(node.key)
    walk(node.right)
```

यातली `print` ची ओळ दोन्ही `walk` च्या वर नेली की प्रीऑर्डर, दोन्हींच्या खाली नेली की पोस्टऑर्डर. बाकी एक अक्षर बदलत नाही.

कागदावर मात्र फेरी बोटाने घालताना एखादी फांदी निसटते, विशेषतः ३५, २९, ३१ सारखी नागमोडी फांदी. त्यापेक्षा कंसांची रीत भरवशाची आहे. अख्खा ट्री एका ओळीत मांडायचा, फांद्या कंसात ठेवायच्या आणि एकेक कंस उघडत जायचं. प्रीऑर्डरसाठी पहिली ओळ अशी:

४६, (२१ ची फांदी), (७३ ची फांदी)

२१ ची फांदी उघडली की २१, १२, (३५ ची फांदी) मिळते. ३५ ची उघडली की ३५, (२९ ची फांदी), आणि ती उघडली की २९, ३१. उजवीकडे ७३, (६० ची फांदी), ८८, आणि ६० ची फांदी म्हणजे ६०, ६४. सगळं जोडून:

प्रीऑर्डर: ४६, २१, १२, ३५, २९, ३१, ७३, ६०, ६४, ८८

इनऑर्डरमध्ये ४६ मध्ये जातो: (२१ ची फांदी), ४६, (७३ ची फांदी). डावा कंस १२, २१, (३५ ची फांदी) असा उघडतो. ३५ ला उजवी फांदी नाही, म्हणून (२९ ची फांदी), ३५. आणि २९ पाशी थोडं थांबायला हवं. २९ ला डावी फांदी नाही, फक्त उजवी आहे. डावीकडे काही नाही म्हणजे त्याची पाळी लगेच आली, त्यानंतर उजवीकडचा ३१. तेव्हा २९, ३१. घाईत इथे ३१, २९ लिहिलं जातं, कारण ‘खालचा आधी’ अशी एक सवय हाताला लागलेली असते. ती सवय फक्त डाव्या फांदीसाठी खरी आहे. उजव्या बाजूला ६०, ६४, ७३, ८८.

इनऑर्डर: १२, २१, २९, ३१, ३५, ४६, ६०, ६४, ७३, ८८

पोस्टऑर्डरमध्ये ४६ शेवटी जातो: (२१ ची फांदी), (७३ ची फांदी), ४६. पहिला कंस १२, (३५ ची फांदी), २१. त्यातला ३५ चा कंस (२९ ची फांदी), ३५, आणि २९ चा कंस ३१, २९. म्हणजे डावी बाजू १२, ३१, २९, ३५, २१ झाली. उजवी बाजू (६० ची फांदी), ८८, ७३, म्हणजे ६४, ६०, ८८, ७३.

पोस्टऑर्डर: १२, ३१, २९, ३५, २१, ६४, ६०, ८८, ७३, ४६

उत्तर पूर्ण झालं. प्रत्येक ओळीत दहा आकडे आहेत, प्रीऑर्डर ४६ ने सुरू होते, पोस्टऑर्डर ४६ वर संपते, आणि लीफ तिन्हीकडे १२, ३१, ६४, ८८ याच क्रमाने येतात. ओळी लिहिताना झालेली गफलत एवढ्याने बहुधा सापडते. पण मूळ ट्रीच चुकला असेल तर?

दोन विद्यार्थी घेऊ. पहिल्याने ६४ घालताना पहिली तुलना केली, ४६ पेक्षा मोठा म्हणून उजवीकडे, आणि मग नजर थेट ८८ वर गेली. ६४ हा ८८ पेक्षा लहान आहे, ८८ ची डावी जागा रिकामी आहे, म्हणून त्याने तो तिथे बसवला. फक्त ८८ आणि ६४ ही जोडी पाहिली तर काहीच वावगं दिसत नाही. पण ६४ आता ७३ च्या उजव्या फांदीत आला, आणि तिथे ७३ पेक्षा मोठे आकडेच असायला हवेत. त्याची इनऑर्डर शेवटाकडे ४६, ६०, ७३, ६४, ८८ अशी येईल. चढता क्रम तुटला, चूक उघड झाली.

दुसऱ्या विद्यार्थिनीने यादी वाचताना २९ वरून नजर घसरली म्हणून तो सोडला आणि ३१ आधी घातला. ३१ बसला ३५ च्या डावीकडे. मग २९ राहिल्याचं लक्षात आलं आणि तो ३१ च्या डावीकडे गेला. तिची इनऑर्डर काय येईल? १२, २१, २९, ३१, ३५, ४६, ६०, ६४, ७३, ८८. अगदी बरोबर उत्तरासारखीच. चढता क्रम कुठेही तुटत नाही, कारण तिचा ट्री हा नियमात बसणारा बायनरी सर्च ट्रीच आहे. फक्त तो या प्रश्नाचा ट्री नाही. तिच्या प्रीऑर्डरमध्ये ३५ नंतर ३१, २९ येतील आणि पोस्टऑर्डरमध्ये २९, ३१, ३५. तीन ओळींपैकी दोन चुकल्या, आणि जिच्यावर विसंबून तिने पान उलटलं ती तिसरी ओळ बरोबर आहे.

इनऑर्डरची कसोटी इथे अपुरी पडते, आणि तिचा दोष नाही. इनऑर्डरची ओळ ट्रीच्या आकाराबद्दल काहीच सांगत नाही. दहा वेगवेगळ्या आकड्यांचे मिळून १६,७९६ निरनिराळे बायनरी सर्च ट्री होऊ शकतात, आणि त्या सगळ्यांची इनऑर्डर अक्षरशः हीच असते.

दुसरी कसोटी क्रमाची आहे. नवा आकडा नेहमी आधीच बसलेल्या नोडखाली जातो, हे आपण पाहिलं. म्हणून ट्रीतल्या प्रत्येक फांदीसाठी, वरचा आकडा प्रश्नातल्या यादीत खालच्या आकड्याच्या आधी आलेला असला पाहिजे. आपल्या ट्रीत नऊ फांद्या आहेत. ४६ नंतर २१, ४६ नंतर ७३, २१ नंतर १२, २१ नंतर ३५, ३५ नंतर २९, २९ नंतर ३१, ७३ नंतर ६०, ७३ नंतर ८८, ६० नंतर ६४. यादीवर बोट ठेवून एकेक पाहायला अर्धं मिनिट पुरतं. त्या विद्यार्थिनीच्या ट्रीत वर ३१ आणि खाली २९ आहे, पण यादीत २९ सातवा आहे आणि ३१ दहावा. चूक सापडली. ६४ चुकीच्या जागी बसवणारा पहिला विद्यार्थी मात्र या कसोटीतून सुटला असता, कारण यादीत ८८ खरोखरच ६४ च्या आधी येतो. म्हणून दोन्ही कसोट्या लागतात.

आणि दोन्ही मिळून पुरतात, हे महत्त्वाचं. दोन्ही कसोट्यांना उतरणारा ट्री एकच असू शकतो. कारण असं: रूटच्या खाली बाकी सगळे आकडे आहेत, म्हणजे रूट यादीत सर्वांच्या आधी आलेला असला पाहिजे. तो ४६ च, दुसरा पर्याय नाही. चढत्या क्रमाच्या नियमाने ४६ पेक्षा लहान ते सगळे डावीकडे आणि मोठे ते सगळे उजवीकडे, इथेही निवड नाही. डावीकडच्या पाच आकड्यांत जो सर्वात वर बसेल तो त्या पाचांत यादीत पहिला असला पाहिजे, म्हणजे २१. उजवीकडच्या चारांत ७३. असंच खाली खाली जात राहिलं की प्रत्येक जागेचा आकडा ठरून जातो.

या तर्कातून ट्री काढण्याची दुसरी पद्धतही मिळते, आणि लांब यादीसाठी मला ती जास्त आवडते. एकेक आकडा रूटपासून खाली नेण्याऐवजी यादीच फोडायची. पहिला आकडा वर लिहायचा. उरलेल्यांतले लहान आकडे त्यांचा क्रम न बदलता डावीकडे उतरवायचे: २१, ३५, १२, २९, ३१. मोठे उजवीकडे: ७३, ६०, ८८, ६४. प्रत्येक तुकड्याचा पहिला आकडा त्या फांदीचा माथा. पुन्हा तेच. एकदा पहिल्या पद्धतीने आणि एकदा या पद्धतीने काढलेले ट्री जुळले तर शंकेला जागा उरत नाही. सेसिलिया अ‍ॅरागॉन आणि राइमुंड झायडेल यांनी १९८९ मध्ये मांडलेली ‘ट्रीप’ ही रचना याच जोडनियमावर उभी आहे. तिथे यादीतल्या क्रमांकाऐवजी प्रत्येक आकड्याला चिठ्ठी टाकल्यासारखा कोणताही एक अग्रक्रम देतात. त्यामुळे माहिती कोणत्याही क्रमाने आली तरी ट्री सहसा एका बाजूला लांबत नाही.

कारण क्रमावर ट्रीचा आकार अवलंबून असतो आणि आकारावर शोधायला लागणारा वेळ. आपला ट्री उभारताना एकूण वीस तुलना झाल्या: २१ आणि ७३ ला प्रत्येकी एक, १२, ३५, ६०, ८८ ला प्रत्येकी दोन, २९ आणि ६४ ला तीन तीन, ३१ ला चार. हेच दहा आकडे चढत्या क्रमाने दिले असते तर प्रत्येक नवा आकडा आधीच्या सगळ्यांच्या उजवीकडे जात राहिला असता आणि तुलना झाल्या असत्या पंचेचाळीस. त्या ट्रीला डावी फांदीच नसती. त्याची प्रीऑर्डर आणि इनऑर्डर एकच आली असती. दहा आकड्यांत हा फरक छोटा वाटतो, पण दहा लाख नोंदींच्या यादीत तो साधारण वीस तुलनांवरून दहा लाख तुलनांवर जाऊ शकतो. सोव्हिएत संघातले गणिती अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी १९६२ मध्ये आकडे घालताना स्वतःला सावरून घेणारा ट्री मांडला, तो यासाठीच. दोघांच्या नावांवरून तो एव्हीएल ट्री म्हणून ओळखला जातो आणि आजही त्याच अभ्यासक्रमात पुढच्याच धड्यात येतो. तिथे आकडे जागचे हलतात, हे लक्षात ठेवावं. इथली दुसरी कसोटी तिथे लागू पडत नाही.

इनऑर्डर आकार विसरते, पण प्रीऑर्डर विसरत नाही. बायनरी सर्च ट्रीची फक्त प्रीऑर्डर दिली असेल तर अख्खा ट्री पुन्हा उभा करता येतो. गेट परीक्षेत हा प्रश्न असा येतो: प्रीऑर्डर दिलेली आहे, पोस्टऑर्डर सांगा. आपलीच ओळ घ्या: ४६, २१, १२, ३५, २९, ३१, ७३, ६०, ६४, ८८. पहिला आकडा रूट. त्यानंतर ४६ पेक्षा मोठा असा पहिला आकडा शोधा, तो ७३. त्याच्या आधीचं सगळं डावी फांदी, तिथपासून पुढचं सगळं उजवी. आता २१, १२, ३५, २९, ३१ या तुकड्यात पुन्हा तेच: २१ माथा, त्याच्यापेक्षा मोठा पहिला ३५, म्हणून डावीकडे फक्त १२ आणि उजवीकडे ३५, २९, ३१. ट्री परत मिळाला, पोस्टऑर्डर लिहिता आली.

किंवा त्याहून सरळ मार्ग म्हणजे प्रीऑर्डरची ओळ हीच नवी यादी समजून आकडे रिकाम्या ट्रीत घालत जाणं. तोच ट्री तयार होतो. मूळ यादी ४६, २१, ७३, ३५ अशी होती, ही ४६, २१, १२, ३५ अशी आहे, तरीही. कारण प्रीऑर्डरमध्येही प्रत्येक नोड आपल्या खालच्या सगळ्यांच्या आधी येतो, आणि ट्री ठरायला तेवढंच लागतं.

मग असा ट्री देणाऱ्या याद्या एकूण किती? हेही आकृतीवरून मोजता येतं. दहा आकड्यांचे क्रम ३६,२८,८०० होतात. त्यांत ४६ पहिला असायला हवा, असे क्रम एक दशांश, म्हणजे ३,६२,८८०. २१ हा त्याच्या फांदीतल्या पाचांत पहिला हवा, उरले ७२,५७६. ७३ त्याच्या चारांत पहिला हवा, उरले १८,१४४. ३५ तिघांत पहिला, उरले ६,०४८. २९ हा ३१ च्या आधी, उरले ३,०२४. ६० हा ६४ च्या आधी, उरले १,५१२. एवढ्या वेगवेगळ्या याद्यांनी नेमका हाच ट्री बनतो. त्यांतली एक प्रश्नपत्रिकेत छापलेली होती, दुसरी आपली प्रीऑर्डर. तिसरी पोस्टऑर्डर उजवीकडून डावीकडे वाचली की मिळते: ४६, ७३, ८८, ६०, ६४, २१, ३५, २९, ३१, १२. घालून पाहा, ३१ पुन्हा २९ च्या उजवीकडेच बसतो.